टमाटरच्या एका क्रेटचे तीन भाव

नागपुरात बुधवारीच्या आठवडी बाजारात संध्याकाळी सहाला टमाटर चाळीस रुपये किलो होते. साडेआठला त्याच भाजीवालीने मला हाक मारली, "काकू, घ्या न, दोन किलो चाळीसला देते. वापस नेऊन काय करू?" त्याच सकाळी कॉटन मार्केटच्या ठोक बाजारात क्रेटचा भाव किलोमागे वीसच्या आसपास होता, आणि घरी मुलीच्या फोनवरच्या अॅपमध्ये अर्धा किलो बावीस रुपये दिसत होते. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच भाजीचे असे भाव पाहिले की कुणीतरी आपल्याला लुटतंय असं वाटतं. क्रेट कुणाच्या हातातून कुठे गेला आणि नासलेला माल कुणाच्या पदरात पडला, हे समजलं की या भावांचा उलगडा होतो.

नागपुरात आठवडी बाजार सर्वांत जुना. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वस्त्यांची नावं बाजाराच्या वारांवरूनच पडली. भोसल्यांच्या काळापासून आजूबाजूच्या खेड्यांतला शेतकरी बैलगाडीत भाजी घालून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी यायचा आणि संपेल तेवढी विकून परत जायचा. त्या बाजारात मध्ये कुणी नव्हतं. भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, कारण उरलेली भाजी परत नेण्यात काही अर्थ नव्हता. हा नियम आजही तसाच आहे. बदललं ते एवढंच की आता बाजारात बसणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः शेतकरी नाहीत, ते पहाटे ठोक बाजारातून माल उचलून आणतात.

ठोक बाजाराचा इतिहास कापसाने सुरू होतो. विदर्भात कापसाच्या खरेदीतली फसवणूक थांबवण्यासाठी १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. स्टेशनजवळच्या ज्या बाजारात आज पहाटे फुलकोबीची पोती उतरतात, त्याचं नाव म्हणूनच अजून कॉटन मार्केट आहे, जरी अधिकृत नाव महात्मा फुले बाजार असलं तरी. पुढे राज्याचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६७ मध्ये लागू झाला आणि बाजार समित्यांची व्यवस्था पक्की झाली. कळमना हे तिचं नागपुरातलं मोठं आवार. शेतकऱ्याने माल आवारात आणायचा, अडत्याने लिलाव लावायचा, तोलाई-हमाली ठरलेल्या दराने द्यायची, असा तो क्रम. उघड लिलाव हा त्यातला मोठा फायदा: भाव दहा जणांसमोर ठरतो. पण अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या विक्रीच्या पैशांतून कापली जायची.

२०१६ मध्ये हे बदललं. त्या वर्षीच्या जुलैत राज्य सरकारने भाजीपाला आणि फळं बाजार समितीच्या बंधनातून मोकळी केली, म्हणजे आवाराबाहेर विकायला मुभा मिळाली. अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. शेतकऱ्यासाठी हे न्यायाचं झालं आणि मला ते आजही योग्य वाटतं. पण ती अडत नाहीशी झाली नाही, ती चिल्लर विक्रेत्याच्या खर्चात जाऊन बसली आणि तिथून आपल्या पिशवीत आली. अॅपवाल्यांना शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करणं ज्यामुळे सोपं झालं, त्या बदलांतही या मोकळिकीचा वाटा आहे.

आता तो क्रेट उघडून बघू. पुढचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, रोजचे दर नव्हेत. टमाटरच्या एका क्रेटमध्ये साधारण २५ किलो माल बसतो. २० रुपये किलोने ५०० रुपये झाले. त्यावर अडत, हमाली आणि ऑटोचं भाडं मिळून ७० रुपये धरा. बुधवारीतल्या त्या बाईंपर्यंत क्रेट पोचला तो ५७० रुपयांना.

त्यातले दोन किलो तळाशी दबून फुटलेले निघतात. किलोभर माल झुकत्या मापात आणि "एक टाका न वरून" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जातो. उरले २२ किलो. म्हणजे एक रुपयाही न कमावता तिला किलोला २६ रुपये पडले. चारपासून आठपर्यंत तिने १५ किलो ४० रुपयांनी विकले तर ६०० रुपये आले, क्रेटचे पैसे वसूल झाले आणि तीस रुपये सुटले. उरलेल्या सात किलोंतून जे येईल ती तिची दिवसाची मजुरी. ते २० रुपयांनी गेले तर १४० रुपये मिळतील. न विकता घरी नेले तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत अर्धे मऊ होतील, ऑटोचं भाडं पुन्हा लागेल आणि उद्या ताजा माल समोर असताना ते कुणी घेणार नाही. म्हणून साडेआठला ती ठोक भावाने माल देते. त्यात तिला घाटा नाही, कारण पैसे आधीच निघालेले असतात. मात्र पाऊस आला आणि गिऱ्हाईक फिरकलंच नाही, तर त्या १५ किलोंतलेही दहा किलो अंगावर राहतात. सहाच्या चाळीस रुपयांत त्या पावसाळी संध्याकाळचेही पैसे आहेत.

तेव्हा आठवडी बाजार सर्वांत स्वस्त कधी, याचं उत्तर मिळालं: शेवटच्या तासाभरात, आणि तेही टमाटर, सांभार, मेथी, पालक अशा रात्र न काढणाऱ्या भाजीला. आलू-कांद्याला ही सूट मिळत नाही, ते पुढच्या बाजारापर्यंत टिकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर हा बाजार चांगलाच उतरतो, कारण तेव्हा कळमेश्वर, सावनेर, काटोल, हिंगणा या जवळच्या भागांतली भाजी एकदम येते आणि काही शेतकरी स्वतःच बसलेले असतात. शेतकरी आणि विक्रेता ओळखायचा कसा? ज्याच्यासमोर एक-दोनच भाज्या आहेत, पण प्रत्येकीचा ढीग आहे आणि माल लहान-मोठा मिसळलेला आहे, तो बहुधा शेतकरी. त्याच्याकडे भाव सुरुवातीपासूनच कमी असतो, तिथे आठ वाजायची वाट बघू नका, माल संपतो.

शेवटच्या तासात एक मात्र बघा. सांभाराच्या जुडीवर दिवसभर पाणी मारलेलं असतं. वरची पानं टवटवीत दिसतात, पण दोरी बांधलेल्या जागी बोट घातलं की आतली काळी, चिकट पानं लागतात. ती जुडी पाच रुपयांतही महाग.

कॉटन मार्केटचा वीस रुपये भाव दिसायला सर्वांत कमी, पण तो क्रेटचा भाव आहे. आवारातच पाच-पाच किलोने विकणारे बसतात, त्यांचा भाव थोडा वर असतो, २५ धरा. पाच किलोचे १२५ रुपये, जाण्यायेण्याच्या पेट्रोलचे ४०, एकूण १६५. चौघांच्या घरात मे महिन्यात पाच किलो टमाटर संपेपर्यंत दीड किलो सहज वाया जातात. खाल्ले साडेतीन, म्हणजे किलोला ४७ रुपये. अशा वेळी चौकातल्या हातठेल्यावर ४० ने घेतलेलं स्वस्त. मी स्वतः दोन उन्हाळे ही चूक केली आहे.

हाच हिशेब डिसेंबरमध्ये उलटतो. थंडीत टमाटर आठ-दहा दिवस नीट राहतात. आमच्या मजल्यावरच्या पाच घरांनी मिळून अख्खा क्रेट आणला, तर ५७० रुपयांत प्रत्येकाला जवळपास पाच किलो मिळतात आणि किलो २४ रुपयांच्या आतबाहेर पडतो. लग्नघर, मेस, वर्षाचा सॉस किंवा लोणचं, आणि आलू-कांद्याचं पोतं यांच्यासाठी ठोक बाजाराला पर्याय नाही. वेळही महत्त्वाची. लिलावाच्या गर्दीत पहाटे भाव चढा असतो. नऊनंतर जो माल उरतो त्याचा भाव पडतो, मात्र तेव्हा वेचून घ्यायची मुभा कमी आणि क्रेटच्या तळाचा माल जास्त.

अॅपची गोष्ट अगदी नवी आहे. बिगबास्केट २०११ मध्ये सुरू झालं, पण दहा-पंधरा मिनिटांत भाजी पोचवण्याची पद्धत २०२१ च्या सुमारासची, ब्लिंकिट, झेप्टो आणि इन्स्टामार्टने रुजवलेली. इथे माल आधी निवडला जातो. फुटका, वेडावाकडा, जास्त पिकलेला बाजूला काढतात, त्यामुळे २५ किलोंतले वीसच पाकिटात जातात असं धरा. नासाडी इथेही होते, फक्त ती आपल्या डोळ्यांसमोर होत नाही. वर वस्तीतल्या गोदामाचं भाडं, थंडावा, पाकीट आणि पोचवणाऱ्या मुलाची मजुरी.

बावीस रुपयांना अर्धा किलो म्हणजे किलो ४४. नुसते किलोभर टमाटर मागवले आणि पोचवण्याचे २५ व हाताळणीचे १० रुपये लागले तर ७९ रुपये. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, पण हाताळणी शुल्कावर तो लागतो, म्हणून बिलाची शेवटची ओळ बघा. हेच टमाटर दूध, साबण, तेलाच्या मोठ्या यादीत टाकले आणि शुल्क माफ झालं, तर तो ४४ चा भाव खरा ठरतो आणि बाजारातल्या सहाच्या चाळीसपेक्षा फार वेगळा राहत नाही, कारण पाकिटात फेकायला काही नसतं.

अॅप खरोखर स्वस्त पडतं ते दोन वेळा. एक, लागतंच थोडं: दहा रुपयांचं आलं, एक लिंबू, पाव किलो मिरची. दुसरं, भाव भडकलेले असताना. जुलै-ऑगस्टमध्ये स्थानिक आवक आटते आणि टमाटर संगमनेर, मदनपल्लेहून, मिरची छत्तीसगडमधून येते. २०२३ च्या जुलैत टमाटर शंभराच्या वर गेले होते. ठोक भावच १०० असेल तर भाडं, हमाली, पाकीट यांचे वीस-पंचवीस रुपये त्यापुढे लहान होतात आणि तिन्ही ठिकाणचे भाव जवळ येतात. शिवाय गिऱ्हाईक टिकवायला एखादं अॅप भाजी कमी नफ्यावर देतं आणि एका घराला किलोभरच, अशी मर्यादा घालतं. बाजारातल्या बाईंना ते परवडत नाही. त्यांची उद्याची खरेदी आजच्या पैशांतूनच व्हायची असते.

कुठला भाव वाजवी, हे घरबसल्या तपासता येतं. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर नागपूरची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर क्विंटलमध्ये दिलेले असतात. सर्वसाधारण दराला शंभराने भागा, किलोचा ठोक भाव मिळेल. तो वीस असताना वस्तीत चाळीस म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणे ठीक. साठ सांगितले तर पुढच्या ठेल्यावर जा. आणि बुधवारीत साडेआठला वीस ऐकलेत, तर पिशवी उघडून खालचे टमाटर एकदा हातात घेऊन बघा.