स्थिर हवेतली छुपी फिरकी

चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं की डोंगरांना, इमारतींना धडकून त्याचा जोर ओसरतो, असं सर्रास ऐकायला मिळतं. खरं कारण वेगळं आहे. ते समजायला आधी वादळ फिरतं कशामुळे, हे पाहायला हवं.

उत्तर ध्रुवावर पायाखालची जमीन दिवसातून एकदा स्वतःभोवती फिरते. विषुववृत्ताकडे यावं तसं हे फिरणं मंदावत जातं. १५ अंश उत्तर अक्षांशावर एका फेरीला सुमारे ९२ तास लागतात. आता इथे समुद्रावर कमी दाबाचं केंद्र तयार झालंय असं धरू. केंद्रापासून ३०० किलोमीटरवरची हवा आपल्याला स्थिर दिसते, पण पृथ्वीबरोबर तीही त्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतच असते. ३०० किलोमीटर त्रिज्येचा परीघ सुमारे १,८८५ किलोमीटर. तो ९२ तासांत, म्हणजे वेग ताशी २० किलोमीटर. ही हवा केंद्राकडे ओढली गेली की कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि केंद्रापासूनचं अंतर यांचा गुणाकार, टिकून राहण्यासाठी तिचा वेग वाढतो. अंतर सहापट घटून ५० किलोमीटर झालं की वेग सहापट होतो, ताशी सुमारे १२० किलोमीटर! समुद्राशी होणारं घर्षण यातला काही भाग खातं, पण प्रचंड वारे जन्मतात ते असे.

विषुववृत्तावर ही फिरकी शून्य असते. म्हणूनच त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. २००१ सालचं 'वामेई' विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं, कारण तिथल्या वाऱ्यांत आधीच भोवरा होता. बेसिनमधलं पाणीही याच फिरकीमुळे दोन गोलार्धांत उलटसुलट दिशांना फिरतं, असं सांगितलं जातं. पण ते पाणी मिनिटभरात निघून जातं; ९२ तासांच्या फेरीचा त्यावर काय परिणाम होणार? विषुववृत्तावर पर्यटकांना बेसिनचे जे प्रयोग दाखवतात, ती निव्वळ हातचलाखी आहे.

हवा आत ओढली जाते ती उष्णतेमुळे. कोमट समुद्रातून एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता तिच्यात साठते. वर ढगात वाफेचं पाणी झालं की ती मोकळी होते, हवा आणखी वर चढते, वरून बाहेर फेकली जाते आणि केंद्रातला दाब कमी राहतो. जमिनीवर हा पुरवठा तुटतो. मातीचा वरचा पातळ थर लगेच थंड होतो आणि खालची उष्णता हळूहळूच वर येते. घर्षणाने मंदावलेला वारा दाबातल्या फरकापुढे नमून उलट जास्तच आत घुसतो. वर मात्र हवा बाहेर फेकणारा उपसा थकलेला असतो, त्यामुळे केंद्र भरत जातं आणि दाब वाढतो. वारे पडतात, पण आधीच आत आलेली वाफ पुढेही पाऊस पाडत राहते, म्हणून पूर अनेकदा किनाऱ्यापासून खूप आत येतो.

जमीन आधीच पावसाने चिंब असेल तर बाष्पीभवन थोडंफार चालू राहतं. २००७ मध्ये 'एरिन' हे वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, ओक्लाहोमात पोचल्यावर पुन्हा जोर धरू लागलं, आणि उपग्रह व रडारच्या चित्रांत त्याच्या मध्यभागी डोळ्यासारखी पोकळीही दिसली.