अँपार्फे की पासे कोंपोझे? गोष्टीतल्या गाळलेल्या जागा भरताना

आमच्या फ्रेंच क्लासच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

ए-टू लेव्हलला पोचलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची वही आमच्याकडे एकाच ठिकाणी लाल होते, ते म्हणजे गोष्टीचा परिच्छेद, कंसात मूळ क्रियापदं, आणि वर सूचना की योग्य भूतकाळ लिहा. रूपं पाठ असतात, तरी दहापैकी चार-पाच चुकतात, कारण अडचण रूपाची नसते तर निवडीची असते. म्हणून हे पत्रक फक्त अँपार्फे आणि पासे कोंपोझे या फ्रेंचच्या दोन भूतकाळांमधल्या निवडीबद्दल आहे. यात फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत म्हणजे घरी आईबाबांनाही वाचून विचारता येईल, स्पेलिंग सोबतच्या वर्कशीटवर आहेच.

वर्कशीटवरची गोष्ट सँ-मालोच्या बंदरावरची आहे, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं गाव. सकाळची वेळ, थंडी आहे, वारा सुटलाय, एक बाई बोटीची वाट बघतायत. वारा त्यांची हॅट उडवतो, त्या घाबरतात, ओरडतात. एक मुलगा, दहा वर्षांचा, धावतो आणि हॅट पकडतो. बाई अजून वीस मिनिटं थांबतात, मग बोट येते. बाई खुश असतात.

पहिल्यांदा एकही जागा भरू नका. पूर्ण परिच्छेद वाचा आणि ज्या क्रियापदातून "मग काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर मिळतं त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. आता फक्त रेघ मारलेली वाक्यं सलग वाचा: वाऱ्याने हॅट उडवली, बाई घाबरल्या, ओरडल्या, मुलगा धावला, त्याने हॅट पकडली, बाई वीस मिनिटं थांबल्या, बोट आली. गोष्ट कळली ना? हा गोष्टीचा सांगाडा, हे सगळं पासे कोंपोझे. राहिलेलं, म्हणजे थंडी होती, वारा वाहत होता, बाई वाट बघत होत्या, मुलगा दहा वर्षांचा होता, हे वगळलं तरी घटना हलत नाहीत, फक्त चित्र फिकं पडतं. ते अँपार्फे.

शंका आली तर दोन वाक्यांची अदलाबदल करून बघा. "थंडी होती, वारा वाहत होता" हे उलटं लिहिलं तरी काही बिघडत नाही. पण "मुलगा धावला, त्याने हॅट पकडली" हे उलटं केलं तर हॅट हातात आल्यावर मुलगा धावतोय, म्हणजे वेगळीच गोष्ट झाली. क्रम बदलल्यावर गोष्ट बदलत असेल तर पासे कोंपोझे. अगदी दर वेळी चालत नाही, पण अडलेल्या जागेवर बहुतेकदा सोडवतं.

तर पहिली वाक्यं अशी होतात: इल फझे फ्र्वा, ल व्हाँ सुफ्ले, यून दाम आताँदे ल बातो. सगळीकडे अँपार्फे. आणि मग सुदँ, म्हणजे अचानक, ल व्हाँ आ आँपोर्ते सों शापो. बघा, वारा तोच आहे, आधी तो नुसता वाहत होता म्हणून सुफ्ले, आता त्याने काहीतरी केलं म्हणून आ आँपोर्ते.

पण सुदँ बघून डोळे मिटून पासे कोंपोझे आणि तूजूर, म्हणजे कायम, बघून अँपार्फे लिहू नका. ही यादी बरीच मुलं पाठ करून येतात आणि ती अर्ध्या रस्त्यात सोडते. झे तूजूर एमे ला मेर, मला समुद्र कायमच आवडत आलाय, यात तूजूर असूनही पासे कोंपोझे आहे. शब्द फक्त इशारा देतो, ठरवायचं वाक्याने गोष्टीत काय केलं त्यावरून.

आता मराठी मुलांबद्दल, कारण इथे आपल्याला खरंच फायदा आहे. वाहत होता आणि वाहिला हा फरक आपण लहानपणापासून करतो, आम्ही रोज जायचो यातलं "जायचो" सुद्धा सरळ अँपार्फेत बसतं. त्याहून छान म्हणजे अवघड वाटणारी जोडी आपल्याकडे तयार आहे. साव्हुआर हे क्रियापद अँपार्फेत साव्हे म्हणजे "माहीत होतं", आणि पासे कोंपोझेत आ स्यू म्हणजे "कळलं". तसंच आव्हुआर या क्रियापदाचं आव्हे पर म्हणजे भीती वाटत होती, आ यू पर म्हणजे घाबरली. आपल्या गोष्टीत हॅट उडाली त्या क्षणी बाई घाबरल्या, म्हणून एल आ यू पर. मात्र मुलाचं वय सांगताना तेच आव्हुआर, पण इल आव्हे दीझाँ, कारण वय हे काही घडलेलं नाही, ते आधीपासून होतं.

पण मराठी दोन ठिकाणी फसवते आणि सर्वात जास्त मार्क इथेच जातात.

एक म्हणजे "काल आम्ही बंदरावर गेलो होतो". आपण बोलताना असंच म्हणतो, पण अर्थ नुसता "गेलो" इतकाच असतो. मुलं "होतो" बघतात आणि अँपार्फे लिहितात, कोणी हुशार असेल तर प्ल्यू-क-पार्फे, म्हणजे त्याहून आधीचा भूतकाळ, लिहितो. इथे नू सोम आले, साधं पासे कोंपोझे. मनात मराठी करताना "होतो" काढून वाक्य म्हणून बघा, अर्थ तोच राहिला तर तो "होतो" मोजायचा नाही.

दुसरी जागा म्हणजे ती वीस मिनिटं. मराठीत "बाई वीस मिनिटं वाट बघत होत्या" हे अगदी सहज म्हणतो, त्यामुळे मुलं आताँदे लिहितात. फ्रेंचमध्ये वेळ मोजून बंद केली, वीस मिनिटं, तीन वर्षं, सगळी रात्र, की ती पूर्ण झालेली घटना धरतात, किती लांब चालली याला महत्त्व नाही. म्हणून एल आ आताँद्यू आँकोर व्हँ मिन्यूत. म्हणजे एकाच परिच्छेदात एकच क्रियापद दोन काळात आलं, सुरुवातीला आताँदे आणि शेवटी आ आताँद्यू, आणि दोन्ही बरोबर. पण वाक्यात दप्वी आलं, म्हणजे "वीस मिनिटांपासून", तर परत अँपार्फे: एल आताँदे दप्वी व्हँ मिन्यूत काँ ल बातो ए आरिव्हे. इथे वाट बघणं अजून चालूच आहे आणि मधे बोट आली, वीस मिनिटं बंद झालेली नाहीत.

ए आरिव्हेतला "ए" आणि आ कुरू, म्हणजे धावला, यातला "आ" ही वेगळी भानगड आहे, सहाय्यक क्रियापद एत्र घ्यायचं की आव्हुआर. ती चूक आम्ही वहीत निळ्याने दाखवतो, काळाची चूक लालने, म्हणजे नक्की काय कच्चं आहे ते घरी कळेल.

शेवटची जागा, बाई खुश होत्या, तिथे एते लिहा, पण कोणी आ एते लिहिलं तर आम्ही काट मारत नाही, हॅट मिळाल्यावर झालेली प्रतिक्रिया म्हणून तेही चालतं. अशा एखाद-दुसऱ्या जागा प्रत्येक परिच्छेदात असतात आणि मुलाला कारण सांगता आलं पाहिजे एवढंच आम्ही बघतो. वर्कशीट भरून आणताना पेन्सिलच्या रेघा खोडू नका, आम्ही आधी त्या तपासतो आणि मगच रूपं.