रस्ता किती दबतो, त्यावरून थर किती द्यायचा: सर्वेक्षण अहवाल वाचण्यासाठी माहितीपत्रक

नगरपालिका, गृहनिर्माण संस्था, लेआउटचे विकासक आणि ठेकेदार यांना आम्ही रस्त्याच्या स्थितीचा अहवाल देतो, तेव्हा बहुतेक जण थेट शेवटचे पान उघडतात. तिथे एक वाक्य असते: ‘अमुक मिलिमीटर डीबीएम आणि त्यावर अमुक मिलिमीटर बीसी.’ डीबीएम म्हणजे खालचा दाट डांबरी थर आणि बीसी म्हणजे त्यावरचा, चाके थेट ज्यावर चालतात तो डांबरी थर. निविदा त्या वाक्यावर निघते. पण त्या आकड्याचा खरेखोटेपणा आधीच्या पानांवर ठरलेला असतो. ती पाने आपल्याला स्वतः वाचता यावीत आणि पटले नाही तर आम्हाला जाब विचारता यावा, म्हणून हे पत्रक.

आधी डोळ्यांनी पाहणी

यंत्र लावण्यापूर्वी आमची माणसे संपूर्ण रस्ता पायी पाहतात. भेगा कुठे आणि किती पसरल्या आहेत, चाकोरी किती खोल पडली आहे, खड्डे आणि जुनी ठिगळे कुठे आहेत, पाणी कुठे साचते, हे सगळे साखळी अंतरासह, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह, नोंदले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:81-1997 या मार्गदर्शिकेप्रमाणे भेगा नसतील आणि चाकोरी 10 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो भाग चांगला. चाकोरी 10 ते 20 मिलिमीटर असेल आणि भेगा नसतील, किंवा चाकाच्या पट्ट्यात एखादीच असेल, तर मध्यम. भेगा खूप असतील किंवा चाकोरी 20 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर खराब. भेगांचे क्षेत्र 20 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तो भाग निकामी धरायचा.

या पाहणीवरून रस्त्याचे एकसारखे तुकडे पाडले जातात. पुढचा सगळा हिशोब तुकड्यागणिक होतो. चांगला आणि खराब भाग एकाच तुकड्यात घातला, तर सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. चांगल्या भागावर डांबर वाया जाते आणि खराब भागाला ते पुरत नाही. अहवालात तुकडे कसे पाडले याचा नकाशा नसेल, तर तो जरूर मागून घ्या.

डिफ्लेक्शन कसे मोजतात

भरलेल्या ट्रकचे चाक रस्त्यावर उभे राहिले की रस्ता एक-दोन मिलिमीटर दबतो आणि चाक पुढे गेले की परत वर येतो. या वर येण्याचे माप म्हणजे डिफ्लेक्शन. ते जितके जास्त, तितका खालचा रस्ता दुबळा.

आम्ही ते बेंकलमन बीमने मोजतो. ही 3.66 मीटर लांबीची दांडी ट्रकच्या मागच्या जोडचाकांमधल्या फटीतून सरकवून तिचे टोक रस्त्यावर टेकवतात. ट्रकच्या मागच्या अक्षावर 8,170 किलो वजन हवे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5.6 किलो हवा हवी. ट्रक जागेवर असताना डायलवर पहिले वाचन घेतात, 2.7 मीटर पुढे गेल्यावर दुसरे आणि त्यापुढे आणखी 9 मीटर गेल्यावर तिसरे. दांडीची रचना अशी की डायलवर प्रत्यक्ष हालचालीच्या निम्मीच हालचाल दिसते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या वाचनातला फरक दुप्पट करायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनात 0.025 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर बीमचे पुढचे पायही दबलेल्या भागात उभे होते असा अर्थ होतो आणि त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागते. म्हणून तिन्ही वाचने अहवालाच्या परिशिष्टात असतात. केवळ अंतिम आकडे दिले असतील तर ही तपासणी कुणालाच करता येत नाही.

हे मोजमाप प्रत्येक लेनच्या बाहेरच्या चाकपट्ट्यात, 50 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, एका तुकड्यात लेनगणिक किमान दहा ठिकाणी घेतात.

उन्हाचा आणि पावसाचा हिशोब

डांबर तापले की मऊ होते आणि डिफ्लेक्शन वाढते. म्हणून सगळी वाचने 35 अंश सेल्सिअसवर आणतात: दर अंशाला 0.01 मिलिमीटर वजा किंवा अधिक. इथे हवेचे तापमान चालत नाही. डांबरी थरात छोटे भोक पाडून त्यात ग्लिसरॉल ओततात आणि तिथे थर्मामीटर धरतात.

तापमानाची दुरुस्ती तशी किरकोळ असते. मातीच्या ओलाव्याची मात्र नसते. देशावरची काळी माती मे महिन्यात दगडासारखी टणक असते आणि तीच पावसाळ्यानंतर मऊ पडते. उन्हाळ्यात मोजलेला रस्ता त्यामुळे खोटा मजबूत दिसतो. मोजणीसाठी सर्वात योग्य काळ पावसाळा संपता संपताचा, कारण तेव्हा रस्ता सर्वात दुबळ्या अवस्थेत असतो. इतर वेळी मोजले तर कडेला खड्डा घेऊन मातीचा नमुना काढावा लागतो. मातीचा प्रकार, तिची प्लास्टिसिटी आणि वार्षिक पाऊस 1,300 मिलिमीटरच्या वर की खाली, यावरून मार्गदर्शिकेतल्या आलेखातून गुणक घ्यावा लागतो. उन्हाळ्यात केलेल्या एखाद्या अहवालात हा गुणक नसेल, तर त्यातल्या जाडीवर विसंबू नका.

एक नमुना हिशोब

शहरातल्या 7 मीटर रुंद, दोन लेनच्या रस्त्याचा 500 मीटरचा एक तुकडा घेऊ. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. मोजणी पावसाळा संपल्यावर लगेच झाली, म्हणून ओलाव्याचा गुणक 1 धरला.

पहिल्या ठिकाणी डायलवरचा फरक 0.84 मिलिमीटर, दुप्पट करून 1.68. डांबराचे तापमान 38 अंश, म्हणून 0.03 वजा. उत्तर 1.65 मिलिमीटर. याच रीतीने एका लेनच्या दहा ठिकाणांचे आकडे असे आले: 1.65, 1.86, 1.47, 1.74, 1.95, 1.62, 3.69, 1.80, 1.53, 1.68.

सातवा आकडा लगेच डोळ्यात भरतो. दहांची सरासरी 1.90 मिलिमीटर येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, 0.65. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसारख्या प्रमुख रस्त्यांना सरासरीत दोनदा विचलन मिळवतात, बाकीच्या रस्त्यांना एकदा. आपला रस्ता दुसऱ्या गटातला, म्हणून संकल्पनासाठीचे डिफ्लेक्शन 1.90 अधिक 0.65, म्हणजे 2.55 मिलिमीटर.

सातवे ठिकाण बाजूला ठेवून पाहू. उरलेल्या नऊंची सरासरी 1.70, विचलन 0.15, म्हणून डिफ्लेक्शन 1.85 मिलिमीटर. एका बिंदूमुळे पूर्ण तुकड्याचा आकडा 0.70 मिलिमीटरने चढला होता. त्याचे कारण असे की तो बिंदू सरासरी वाढवतोच, शिवाय विचलनही चौपटीहून जास्त करतो.

पण अडचणीचा आकडा म्हणून तो नुसता खोडून टाकणे हा अप्रामाणिकपणा आहे. एखादे वाचन सरासरीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वेगळे असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी वाचने घ्यायची असतात. तीही जास्त आली, तर तो दुबळा भाग लांबवर पसरलेला आहे आणि त्याचा वेगळा तुकडा करावा लागेल. ती नेहमीसारखी आली, तर दोष त्या जागेपुरता आहे आणि तिथे खोदून पाहावे लागते. शहरात अशा जागी बहुधा गळकी जलवाहिनी, नळजोडणीचा नीट न दाबलेला चर किंवा फुटलेली गटाराची नळी निघते. आधी गळती थांबवायची, चिखल झालेली माती काढायची, खडी-मुरूम थराथराने दाबून भरायचा. मगच तो बिंदू हिशोबातून वगळता येतो. गळती तशीच ठेवून वर कितीही जाड थर दिला तरी तो तिथेच पुन्हा फुटेल.

वाहतूक आणि जाडी

जाडी ठरवायला दुसरा आकडा लागतो तो जड वाहनांचा. मोटारी आणि दुचाकी यात धरत नाहीत, बस, ट्रक, पाण्याचे टँकर आणि कचरागाड्या धरतात. दोन्ही दिशांनी मिळून दिवसाला 500 जड वाहने, वर्षाला 5 टक्के वाढ, 10 वर्षांचे आयुष्य, दोन लेनच्या रस्त्यासाठी त्या वाहनांचा 75 टक्के वाटा आणि वाहन-नुकसान गुणक 3.5, म्हणजे एक जड वाहन साडेतीन प्रमाणित अक्षांइतके नुकसान करते असे धरले, तर सुमारे 60 लाख प्रमाणित अक्ष होतात. भरलेल्या टँकरांची रांग लागणाऱ्या रस्त्यावर हा गुणक प्रत्यक्ष अक्षवजन मोजूनच घ्यावा.

डिफ्लेक्शन आणि अक्ष हे दोन आकडे मार्गदर्शिकेच्या आलेखावर ठेवले की बिटुमिनस मॅकॅडम या कमी दाट डांबरी मिश्रणाच्या जाडीत उत्तर मिळते. प्रत्येक अहवालात आम्ही आलेखाची प्रत आमच्या खुणेसह जोडतो. हिशोब पुढे न्यायचा म्हणून इथे 2.55 ला 160 मिलिमीटर आणि 1.85 ला 120 मिलिमीटर वाचले असे धरू. डीबीएम आणि बीसी जास्त मजबूत असल्याने त्यांची जाडी 0.7 ने गुणून येते: अनुक्रमे 112 आणि 84 मिलिमीटर. प्रत्यक्षात घालता येणाऱ्या थरांत पहिल्याचे 75 डीबीएम आणि 40 बीसी होतील, दुसऱ्याचे 50 डीबीएम आणि 40 बीसी.

दुसरी लेनही अशीच निघाली असे धरले, तर 3,500 चौरस मीटरवर 25 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 210 टन डांबरी मिश्रण. गळती शोधून दुरुस्त केल्यावर आमची शिफारस दुसरी, म्हणजे 90 मिलिमीटरची असेल.

उंचीचा प्रश्न

महामार्गावर 90 मिलिमीटर वर चढले तर फारसे बिघडत नाही. शहरात कर्बस्टोन 150 मिलिमीटरचा असेल तर त्याचे 60 उरतात, मॅनहोल खड्ड्यात जातात आणि दुकानांच्या उंबऱ्यांपर्यंत पावसाचे पाणी पोहोचते. म्हणून आधी मिलिंग करून जुना थर काढा, अशी मागणी येते. ती रास्त आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डिफ्लेक्शन मोजले तेव्हा तो जुना थर जागेवर होता आणि भार पेलत होता. 40 मिलिमीटर खरवडून वर फक्त 90 घातले, तर हिशोबातला आधार निघून गेला. काढलेला थर सुस्थितीत असेल तर त्याची जवळजवळ पूर्ण भरपाई द्यावी लागते. तो भेगाळलेला असेल तर भरपाई कमी लागते, कारण त्याची ताकद आधीच गेलेली असते. मिलिंग करायचे असेल तर मोजणीपूर्वी सांगा, म्हणजे गाभ्याचे नमुने काढून अहवालात भरपाईसह जाडी देता येईल. उंची अजिबात वाढवायची नसेल, तर ओव्हरलेऐवजी, म्हणजे जुन्या रस्त्यावर नवा थर देण्याऐवजी, रस्ता खालपासून नव्याने बांधण्याचा विचार करावा लागतो. तसे आम्ही अहवालात स्पष्ट लिहितो.

बीम काय सांगत नाही

दबणारा थर कोणता, वरचे डांबर, मधली खडी की खालची माती, हे बेंकलमन बीमवरून कळत नाही. ते हवे असेल तर फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, म्हणजे रस्त्यावर वजन पाडून तो दबण्याचे माप घेणारे यंत्र, लागतो. त्याची मार्गदर्शिका आयआरसी:115-2014 आहे. काँक्रीटच्या जुन्या रस्त्यावर डांबर घातलेले असेल तर या पत्रकातली पद्धत लागू होत नाही, म्हणून असा इतिहास माहीत असल्यास कळवा.

मोजणीपूर्वी आमच्याकडे जलवाहिनी आणि गटारांचे नकाशे, शेवटचे डांबरीकरण केव्हा झाले त्याची नोंद आणि वाहतूक पोलिसांची परवानगी हवी. अहवाल हाती आल्यानंतर काम सुरू होण्याआधी एखादा पावसाळा गेला किंवा रस्त्यात नवा चर खोदला गेला, तर त्या तुकड्याची मोजणी पुन्हा करून घ्या आणि जुन्या जाडीवर निविदा काढू नका.