उलटं वळलेलं अवतरणचिन्ह

कथा टाइप करणाऱ्या बऱ्याच जणांचा समज असतो की अवतरणचिन्हं आपोआप नीट पडतात. वर्ड हे चिन्ह स्वतःच वळवतो, मग आपण कशाला लक्ष घालायचं? यंत्र ते वळवतं हे खरं आहे. पण ते वळवताना वाक्याचा अर्थ बघत नाही, फक्त आधीचं एक अक्षर बघतं. बोलणं कुणाचं, कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, याचा त्याला पत्ताच नसतो. तो हिशेब लेखकानेच ठेवायचा असतो.

मराठीत हा हिशेब थोडा अवघड का आहे, ते एका वाक्यावरून कळेल. समजा कथा प्रथमपुरुषी आहे.

वहिनी म्हणाली की मी फार चिडखोर आहे.

यात चिडखोर कोण? इंग्रजीत असं वाक्य अप्रत्यक्ष झालं की सर्वनाम बदलतं. मराठीत मात्र ‘की’नंतरही बोलणाऱ्याचं मूळ ‘मी’ तसंच राहू शकतं. म्हणून इथे वहिनी स्वतःबद्दल बोलतेय की कथा सांगणाऱ्याबद्दल, हे वाक्यावरून ठरत नाही. “मी फार चिडखोर आहे,” वहिनी म्हणाली, असं लिहिलं की शंका उरत नाही. निवेदक ‘मी’ असेल तिथे ‘की’ची वाक्यं एकदा शोधून काढा. जिथे दोन अर्थ निघतात, तिथे बोलणं सरळ अवतरणात घ्या.

आता हा उतारा पाहा. कच्च्या हस्तलिखितात तो असा असतो:

पण रिपोर्ट आले का ? मी विचारलं. आले ना ती म्हणाली कपाटात ठेवलेत. तेवढ्यात काका आत आले. कोण जातंय दवाखान्यात ?

नीट केल्यावर तो असा होतो:

“पण रिपोर्ट आले का?” मी विचारलं.

“आले ना,” ती म्हणाली. “कपाटात ठेवलेत.”

तेवढ्यात काका आत आले. “कोण जातंय दवाखान्यात?”

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘ती म्हणाली’ हेही बहुतेकदा बोलण्यानंतरच येतं. म्हणजे बोलणं वाचून होईपर्यंत बोलणारं माणूस कोण ते कळत नाही. नवी ओळ ही खूण आधीच देते. तिसऱ्या परिच्छेदात काकांची कृती आणि काकांचं बोलणं एकत्र ठेवलं आहे, म्हणून तिथे ‘काका म्हणाले’ लिहायची गरज पडली नाही. हीच कृती आधीच्या, तिच्या ओळीला जोडली असती, तर पुढचा प्रश्न कुणाचा, असा घोटाळा झाला असता.

मराठीत आणखी एक आधार मिळतो. “मी कालच आले” किंवा “मी जातो” यातून बोलणारी बाई की पुरुष, हे क्रियापदच सांगतं. एक बाई आणि एक पुरुष बोलत असतील तर बऱ्याच ओळी ‘म्हणाला’, ‘म्हणाली’शिवाय निभावतात. भविष्यकाळात मात्र हा आधार जातो, कारण “मी जाईन” दोघंही म्हणतात. दोन बहिणी बोलत असतील तर तो मुळातच नसतो. अशा ठिकाणी तीन-चार ओळींनी एकदा नाव यायला हवं.

चिन्हाच्या जागेबद्दल थोडक्यात. बोलण्याचा स्वल्पविराम, पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत. प्रश्नचिन्ह असेल तर त्याच्यापुढे आणखी स्वल्पविराम नको. प्रश्न निवेदकाचा असेल तर चिन्ह बाहेर जातं: तो “येतो” म्हणाला होता का? ‘ती म्हणाली’ने एकच वाक्य मध्ये तोडलं असेल तर त्यापुढे स्वल्पविराम द्यायचा, दोन वेगळी वाक्यं असतील तर पूर्णविराम. वर ‘आले ना’ आणि ‘कपाटात ठेवलेत’ ही दोन वाक्यं आहेत. बोलण्याच्या आत दुसऱ्याचं बोलणं आलं तर ते एकेरी चिन्हात. एकाच माणसाचं बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह द्यायचं, बंद करणारं मात्र फक्त शेवटच्या परिच्छेदाअखेर. ते आधीच बंद केलं तर पुढचा परिच्छेद दुसऱ्याचा वाटतो.

आता यंत्राकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. कळफलकावर अवतरणाची कळ एकच, आणि तिचं चिन्ह सरळ उभं असतं. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक U+0022. छपाईत लागणारी चिन्हं दोन आहेत: उघडणारं U+201C आणि बंद करणारं U+201D. तुम्ही कळ दाबता तेव्हा प्रोग्रॅम डावीकडे बघतो. तिथे मोकळी जागा, ओळीची सुरुवात किंवा उघडा कंस असेल तर उघडणारं चिन्ह पडतं. अक्षर किंवा विरामचिन्ह असेल तर बंद करणारं. अशा वळलेल्या चिन्हांना वर्ड ‘स्मार्ट’ चिन्हं म्हणतो, पण एवढ्या साध्या नियमाला ‘स्मार्ट’ म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

मराठी टायपिंगची एक सवय या नियमाला नेमकी फसवते. ‘आले का ?’ असं प्रश्नचिन्हाआधी जागा सोडणारे अनेक जण पूर्णविरामानंतर अवतरण बंद करण्याआधीही जागा सोडतात, आणि फसगत होते ती या दुसऱ्या जागेमुळे. ‘ठेवलेत.’नंतर जागा सोडून कळ दाबली, की यंत्राला डावीकडे मोकळी जागा दिसते आणि ते उघडणारं चिन्ह टाकतं. पण ‘ती म्हणाली.’नंतर जागा सोडून नवं बोलणं सुरू होतं, तेव्हाही डावीकडे अगदी तेच असतं: पूर्णविराम आणि मोकळी जागा. एका ठिकाणी बोलणं संपतंय, दुसऱ्या ठिकाणी सुरू होतंय. डावीकडच्या एक-दोन अक्षरांवरून हा फरक कोणत्याही प्रोग्रॅमला कळणार नाही, कारण तो तिथे नाहीच. तो उजवीकडे आहे, आणि कळ दाबताना उजवीकडे अजून काही लिहिलेलंच नसतं. ’९३ साली असं लिहितानाही हाच नियम आड येतो. आकड्याआधी बंद करणाऱ्या चिन्हाचा आकार हवा असतो, पण डावीकडे जागा असल्यामुळे उलटा आकार पडतो.

म्हणून तपासणी लिहून झाल्यावर करायची, उजवी बाजू बघून. वर्डमध्ये आधी शोधा-बदला वापरून प्रश्नचिन्ह, पूर्णविराम आणि स्वल्पविरामाआधीच्या जागा काढा. मग Find what आणि Replace with या दोन्ही चौकटींत सरळ अवतरणचिन्ह टाकून Replace All करा. File > Options > Proofing > AutoCorrect Options > AutoFormat As You Type इथे स्मार्ट चिन्हांची खूण चालू असेल, तर सगळी चिन्हं पुन्हा नव्याने वळतात. मोबाइलवरून चिकटवलेली सरळ चिन्हंही त्यात सुधारतात. त्यानंतर Use wildcards चालू करा. ते बंद असेल तर वर्ड सरळ आणि वळलेल्या चिन्हांत फरक करत नाही. मग उघडणाऱ्या चिन्हानंतर लगेच परिच्छेद संपतो का, ते शोधा:

```
“^13
```

जे सापडेल ते नक्की चूक, कारण उघडलेल्या चिन्हापुढे काही बोललेलंच नाही. चिन्हाआधीची जागा काढा, ते पुसा आणि पुन्हा टाइप करा. दुसरा शोध उघडणारं चिन्ह आणि त्यापुढे एक मोकळी जागा, असा घ्या. परिच्छेदाच्या मध्येच उलटी वळलेली चिन्हं त्यात हाती लागतात. शोधाच्या चौकटीत उघडणारं चिन्ह हवं असेल तर Alt दाबून धरून कळफलकाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांच्या कळांवर 0147 टाइप करा, बंद करणाऱ्यासाठी 0148.

एक दोष या शोधांत सापडत नाही. बोलणं अर्ध्यावर तुटलं की आपण डॅश देऊन अवतरण बंद करतो. डॅशनंतरचं चिन्ह काही प्रोग्रॅम उघडणारं धरतात, काही बंद करणारं. परिच्छेद तिथेच संपत असेल तर पहिल्या शोधात ते पकडलं जातं. पण “मी तर—” ती थांबली, अशा ओळीत चिन्ह उलटं पडलं आणि पुढची जागा राहून गेली, तर दोन्ही शोध चुकतात. म्हणून डॅश वेगळा शोधून, प्रत्येक जागी डोळ्यांनी बघावं लागतं.