मूल्य-पुनरावर्तन (व्हॅल्यू इटरेशन)

मार्कोव्ह निर्णय प्रक्रियेतील इष्टतम धोरण शोधण्याची पायरीपायरीने चालणारी गणनपद्धती. या प्रक्रियेत दर पायरीला एक कृती निवडायची असते; तिचा मोबदला आणि पुढच्या अवस्थांच्या संभाव्यता केवळ सध्याच्या अवस्थेवर व त्या कृतीवर ठरतात. प्रत्येक अवस्थेत कोणती कृती करावी हे सांगणारा नियम म्हणजे धोरण. दीर्घकाळात मिळणाऱ्या मोबदल्याची सरासरी बेरीज ज्या धोरणाने सर्वाधिक होते ते इष्टतम. उद्याचा मोबदला आजच्यापेक्षा कमी मोलाचा धरण्यासाठी त्याला प्रत्येक पायरीला वटाव गुणांक γ ने गुणतात (० ≤ γ < १).

पद्धतीचे श्रेय बहुधा रिचर्ड बेलमन यांच्या १९५७ मधील लेखनाला दिले जाते. मात्र लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये यादृच्छिक खेळांसाठी हेच पुनरावर्तन मांडले होते. त्या खेळात एकाच खेळाडूला निवडीचा अधिकार ठेवला तर उरते ती मार्कोव्ह निर्णय प्रक्रियाच. त्यामुळे गणिती अग्रक्रम शॅप्ली यांच्याकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. निर्णयशास्त्राची सर्वसाधारण चौकट आणि समीकरणाचे नाव मात्र बेलमन यांचेच. रोनाल्ड हॉवर्ड यांचे धोरण-पुनरावर्तन (१९६०) ही वेगळी पद्धत होय.

बेलमन समीकरण असे :

```
V(s) = max_a [ R(s,a) + γ Σ P(s'|s,a) V(s') ]
```

येथे a ही कृती, R तिचा तात्काळ मोबदला आणि P(s'|s,a) ही त्या कृतीने s मधून s' मध्ये जाण्याची संभाव्यता. अवस्था s चे मूल्य V(s) म्हणजे सर्वोत्तम कृतीचा तात्काळ मोबदला, अधिक पुढे जिथे पोहोचू त्या अवस्थांच्या मूल्यांची वटवलेली सरासरी. क्रम महत्त्वाचा आहे : आधी प्रत्येक कृतीसाठी सरासरी, मग त्यांतून कमाल. आधी कमाल घेतल्यास यदृच्छेचा निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे गणित होते आणि मूल्ये फुगतात. अज्ञात V दोन्ही बाजूंना असल्याने, आणि कमाल घेण्यामुळे समीकरण रैखिक राहत नसल्याने, ते एका झटक्यात सुटत नाही. म्हणून कोणत्याही अंदाजापासून, बहुधा शून्यापासून, सुरुवात करून उजवी बाजू पुन्हा पुन्हा काढतात. प्रत्येक फेरीत खऱ्या उत्तरापासूनचे कमाल अंतर निदान γ पटीने आकसते. बानाख यांच्या स्थिरबिंदू प्रमेयानुसार उत्तर एकच असते आणि फेऱ्या त्याकडेच जातात.

उदाहरणादाखल, एक यंत्र ‘सुस्थित’ किंवा ‘झिजलेले’ असते. सुस्थित यंत्र चालवले की १० मोबदला मिळतो. ते ०·८ संभाव्यतेने सुस्थित राहते, ०·२ ने झिजते. झिजलेले चालवले तर ४ मिळतात आणि ते झिजलेलेच राहते. दुरुस्तीला −५ मोबदला. त्यानंतर यंत्र निश्चित सुस्थित असते. γ = ०·९ घेऊ. सुस्थित यंत्र दुरुस्त करण्यात फायदा नाही हे उघड आहे. प्रश्न झिजलेल्या यंत्राचा.

शून्यापासून पहिल्या फेरीत मूल्ये १० आणि ४ येतात. दुसऱ्या फेरीत सुस्थितसाठी १० + ०·९(०·८×१० + ०·२×४) = १७·९२. झिजलेल्यासाठी चालवणे ४ + ०·९×४ = ७·६ आणि दुरुस्ती −५ + ०·९×१० = ४; म्हणजे अजून चालवणेच बरे. तिसऱ्या फेरीत चालवणे १०·८४ देते, दुरुस्ती ११·१२८, आणि निर्णय उलटतो. सुस्थितचे मूल्य तेव्हा २४·२७ असते. दुसऱ्या फेरीत निवडलेल्या कृतीलाच धोरण मानून थांबणाऱ्याच्या हाती चुकीचे धोरण पडले असते.

यानंतर धोरण बदलत नाही, मूल्ये मात्र बराच काळ चढत राहतात. अंतिम मूल्ये ७७·१२ आणि ६४·४१ आहेत. शून्यापासून निघून ०·०१ इतकी अचूकता गाठण्याची हमी ८५ फेऱ्यांनी मिळते. कारण असे की निर्णय दोन मूल्यांच्या फरकावर ठरतो : फरक १० पेक्षा जास्त असला की दुरुस्ती सरस. धोरण उलटल्यावर फरकातील चूक दर फेरीला ०·१८ पटीने आकसते, पण मूल्यांची एकूण पातळी साधारण ०·९ पटीनेच खऱ्या पातळीजवळ सरकते.

थांबण्याच्या कसोटीत सर्वाधिक घोटाळा होतो. दोन फेऱ्यांमधला कमाल बदल म्हणजे उरलेली चूक नव्हे. ती बदलाच्या γ/(१−γ) पटीपर्यंत, म्हणजे येथे ९ पट, असू शकते. वरील तिसऱ्या फेरीतील कमाल बदल ६·३५ आहे, म्हणून मर्यादा सुमारे ५७. प्रत्यक्ष कमाल चूक ५३·२८. मर्यादा नुसती कागदी नाही हे यावरून दिसते. γ = ०·९९ असता हाच गुणक ९९ होतो. धोरणाचा तोटा कोणत्याही अवस्थेत ε पेक्षा जास्त नसावा अशी हमी हवी असेल, तर बदल ε(१−γ)/(२γ) च्या खाली जाईपर्यंत फेऱ्या चालवतात.

γ ची निवड धोरणच बदलू शकते. या उदाहरणात γ सुमारे ०·६८ च्या खाली गेला (नेमके १५/२२), तर झिजलेले यंत्र तसेच चालवत राहणे इष्टतम ठरते. या सीमेच्या अगदी जवळ दोन्ही कृतींची मूल्ये जवळजवळ सारखी असतात. तिथे मूल्यांतील लहान चूकही धोरण उलटवते, पण तोटाही तितकाच लहान असतो.