इराणी विवाहकरार इंग्रजीत: छापील अटींमागचा इतिहास

परदेशातल्या विवाह नोंदणी अधिकाऱ्याला इराणी जोडप्याच्या करारातून मोजक्याच गोष्टी हव्या असतात: नावं, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक. नवऱ्याने बायकोला द्यायचा मेहर किती आणि अटी कोणत्या, याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. म्हणून 'महत्त्वाचं तेवढंच करून द्या' अशी मागणी भाषांतरकाराकडे नेहमी होते. ती मान्य करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोच कागद पुढे घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतो आणि तिथे सगळा वाद गाळलेल्या पानांवरच होतो.

ही पानं आली कुठून? इराणमध्ये १९३१च्या कायद्याने विवाहाची सरकारी नोंदणी सक्तीची केली. त्याच दशकातल्या दिवाणी संहितेने घटस्फोटाचा अधिकार नवऱ्याकडेच ठेवला, पण कलम १११९ने एक फट ठेवली: विवाहाच्या मूळ स्वरूपाला बाध येणार नाही अशी कोणतीही अट करारात घालता येते, आणि ठरलेल्या प्रसंगी बायकोने नवऱ्याची मुखत्यार म्हणून स्वतःला घटस्फोट द्यावा, अशीही. १९६७च्या कुटुंब संरक्षण कायद्याने घटस्फोटाच्या अशा अटी करारातच नोंदवायला लावल्या. क्रांतीनंतर तो कायदा बाजूला सारला गेला, तरी ही युक्ती टिकली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारी विवाह पुस्तिकेत अटी छापूनच येतात.

त्यात दोन भाग आहेत. पहिला मालमत्तेचा: घटस्फोट बायकोने मागितलेला नसेल आणि न्यायालयाच्या मते तिच्या वागणुकीमुळेही झालेला नसेल, तर नवऱ्याने संसाराच्या काळात मिळवलेल्या मालमत्तेचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा तिला द्यायचा. 'निम्मा' आणि 'निम्म्यापर्यंत' यांत किती अंतर आहे, हे वकील लगेच सांगेल. दुसऱ्या भागात बारा प्रसंग आहेत: सहा महिने पोटगी न देणं, व्यसन, संमतीशिवाय दुसरं लग्न वगैरे. त्यांतला एखादा न्यायालयात सिद्ध झाला, तर बायकोला रद्द न करता येणारं मुखत्यारपत्र वापरता येतं.

पण छापलेली अट आपोआप लागू होत नाही. प्रत्येक अटीखाली नवराबायकोने सही करायची असते आणि नवरा एखादी जागा मोकळी सोडू शकतो. त्यामुळे इंग्रजी प्रतीत नुसता मजकूर उतरवून भागत नाही. 'दोघांची सही आहे', 'नवऱ्याची सही नाही' असं प्रत्येक जागी चौकटी कंसात लिहावं लागतं. शिक्षण, राहण्याचं ठिकाण, देशाबाहेर जाण्याची कायमची परवानगी अशा हाताने लिहिलेल्या खास अटीही 'हस्तलिखित' म्हणून वेगळ्या दाखवायच्या.

मेहरचा रकाना नमुन्यादाखल असा असतो: कुराणाची एक प्रत, आरसा आणि शमादानांची जोडी, शिवाय ११४ पूर्ण बहार-ए-आझादी सुवर्णनाणी, नवऱ्याच्या जिम्मे, मागणी होताच देय. यातला 'पूर्ण' हा शब्द राहायलाच हवा, कारण अर्धी आणि पाव नाणीही असतात. पूर्ण नाणं सुमारे ८.१३ ग्रॅमचं. पौंड किंवा डॉलरमध्ये हिशेब करून देऊ नये, भाव रोज बदलतो. 'मागणी होताच' ऐवजी काही करारांत 'ऐपत झाल्यावर' असं असतं. तिथे वसुलीसाठी नवऱ्याची ऐपत दाखवावी लागते. २०१३च्या कायद्याने तर ११० नाण्यांपलीकडच्या मेहरसाठीही हाच निकष लावला, म्हणजे आपल्या नमुन्यातली शेवटची चार नाणी त्यात गेली.

हे सगळं इंग्रजीत 'डाउरी' या नावाखाली गेलं की वाचणाऱ्याला वाटतं, मुलीकडच्यांनी हुंडा दिला. इंग्रजी कायद्याच्या भाषेत यासाठी 'डावर' हा शब्द रुळलाय आणि त्याचा उगम हिंदुस्थानातलाच: कंपनी सरकारच्या काळात 'हिदाया' हा इस्लामी कायद्यावरचा अरबी ग्रंथ आधी फारसीत, मग फारसीवरून इंग्रजीत आला. १७९१मध्ये छापलेल्या चार्ल्स हॅमिल्टनच्या त्या भाषांतरात मेहरसाठी हाच शब्द आहे. १९६०च्या दशकात 'शाहनाझ विरुद्ध रिझवान' खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने भारतात झालेल्या लग्नातला मेहर कराराचं देणं म्हणून मान्य केला. मी 'मेहर' रोमन लिपीत ठेवून पुढे एकदाच 'डावर' लिहितो.

तारखांचंही तसंच. इराणी सौर कालगणनेतली १८ मोर्दाद १३९२ म्हणजे ९ ऑगस्ट २०१३. मात्र १९७६ ते १९७८ या काळातल्या पुस्तिकांवर २५३५, २५३६ अशी सालं दिसतात. शाहने तेव्हा शाही कालगणना लागू केली होती. त्यातून आधी ११८० वजा करायचे, मग नेहमीचं रूपांतर. मूळ तारीखही शेजारी ठेवायची, कारण तेहरानच्या दफ्तरात शोध त्याच आकड्याने लागतो.