कादंबरीचा पहिला परिच्छेद : निवेदनस्वराचे विश्लेषण

कादंबरीच्या आरंभीच्या परिच्छेदातून कथा कोण सांगत आहे, कोणाला सांगत आहे आणि वाचकाने पुढे कशाची वाट पाहायची, हे भाषिक खुणांवरून शोधण्याची वाचनपद्धती. मराठीत या खुणा मुख्यतः क्रियापदांत आणि लहानशा अव्ययांत सापडतात, त्यामुळे आशयाआधी व्याकरणाकडे पाहणे फायद्याचे ठरते.

परिच्छेद हाताने उतरवून घ्यावा आणि सर्व क्रियापदे अधोरेखित करावीत. पान न उलटता पुढे काय होईल याचे दोन-तीन अंदाज लिहून ठेवावेत. मलपृष्ठावरचा मजकूर तोवर वाचू नये. तो वाचला की मलपृष्ठाने सांगितलेलेच परिच्छेदात दिसू लागते.

या नोंदीसाठी ठाण्यात घडणारा एक परिच्छेद रचला आहे :

‘दादा गेले त्या संध्याकाळी सातची कर्जत म्हणे दहा मिनिटं उशिरा आली. मी ती पकडली नाही. आई तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून होती आणि कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा वाजली की दर वेळी मागे वळून बघायची. चाव्या माझ्याकडेच होत्या, हे मी तिला सांगितलं नाही.’

निवेदक पुरुष आहे की स्त्री? बहुतेक वाचक क्षणात उत्तर देतात, पण परिच्छेदात ते नाही. ‘पकडली’ हे गाडीप्रमाणे चालते, ‘होत्या’ चाव्यांप्रमाणे, आणि ‘सांगितलं’ नपुंसकलिंगी आहे. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्माप्रमाणे बदलतात. ‘मी’चे लिंग उघड होते ते ‘पोचलो’ किंवा ‘पोचले’ यांसारख्या अकर्मक रूपांत. दुसऱ्या वाक्याऐवजी ‘मी स्टेशनवर गेलेच नाही’ असे लिहून पाहिल्यास स्वर लगेच बदलतो. चार वाक्ये लिंग लपलेले राहणे हा योगायोग असू शकतो. पहिले प्रकरणभर तसेच चालले तर तो लेखकाचा बेत समजावा. ही खूण बोलीनुसारही तपासावी लागते, कारण कोल्हापूरकडे स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात.

‘म्हणे’ या एका शब्दाने निवेदक गाडीच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. तो त्या वेळी फलाटावर नव्हता, किंवा नव्हता असे त्याला भासवायचे आहे. ‘माझ्याकडेच’मधला ‘च’ आणखी बोलका आहे. कोणीतरी चाव्या शोधत होते, हे न सांगताच त्यातून कळते. ‘गेले’ या आदरार्थी रूपातून नाते दिसते, मात्र दादा वारले की घर सोडून गेले हे उघडे राहते. त्या संदिग्धतेवरच वाचकाची पहिली अपेक्षा उभी आहे. दुसरी अपेक्षा चाव्यांची : आईपासून हे का लपवले? येथे रहस्यकथेचा साचा सुचतो खरा, पण ‘बघायची’ हा रीती भूतकाळ गती रोखून धरतो, आणि नजर गुन्ह्याकडे न जाता आईच्या वळणाऱ्या मानेकडे जाते. म्हणून तपासकथेपेक्षा घरातल्या अपराधभावाची कथा अपेक्षित धरणे अधिक सयुक्तिक.

श्रोता कोण, हे स्थळनामावरून कळते. ठाणेकर ‘तलावपाळी’ म्हणतो आणि गाडीला नुसते ‘कर्जत’. त्या जागी ‘ठाणे शहरातील प्रसिद्ध मासुंदा तलाव’ घालून वाचावे. स्थळ तेच राहते, पण निवेदक आता परक्या माणसाला माहिती देऊ लागतो आणि आधीची जवळीक नाहीशी होते. असा एक शब्द बदलून पाहणे ही या पद्धतीतील सर्वांत खात्रीची कसोटी आहे. बदलाने काहीच फरक पडत नसेल, तर त्या शब्दावर अर्थाचा डोलारा उभारू नये.

नेहमीची चूक म्हणजे ‘मी’ला लेखक समजणे. निवेदक खोटे बोलत असेल ही शक्यता त्यामुळे सुरुवातीलाच बंद होते. अनुवादित कादंबरीत वेगळी अडचण येते. इंग्रजीतील ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसते, मराठीत ‘गेलो’ की ‘गेले’ हे अनुवादकाला ठरवावे लागते, किंवा सकर्मक रचनांच्या आडोशाने टाळावे लागते. मूळ लेखकाने जपलेले गुपित अशा वेळी अनुवादाच्या पहिल्याच ओळीत फुटू शकते. म्हणून अनुवादातील लिंगाच्या खुणेवरून मूळ निवेदनाबद्दल निष्कर्ष काढू नये.

लिहून ठेवलेले अंदाज पहिल्या प्रकरणाच्या शेवटी पडताळावेत. अंदाज चुकला, तर परिच्छेदाकडे परत जाऊन आपण कोणती खूण ओलांडली ते पाहावे. काही वेळा खूण असतेच, पण निवेदकाने ती मुद्दाम दुसरीकडे वळवलेली असते. निवेदक प्रकरणागणिक बदलणाऱ्या कादंबरीत हे विश्लेषण पहिल्या निवेदकापुरतेच लागू पडते, आणि प्रत्येक नव्या ‘मी’साठी ते पुन्हा करावे लागते.